आईचं नैराश्य: बाबांचं जाणं की चिपळूण सुटणं?

निरगुडी
माझी आई ६४ वर्षांची आहे. बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. वर्षश्राद्ध झाल्यावर भावाने तिला चिपळूणहून ठाण्याला आपल्याकडे आणलं. आता तिला पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय, टीव्हीसमोर बसते पण बघत नाही. "माझा तुम्हाला भार झालाय" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकतो आम्ही. मनोविकारतज्ज्ञांनी नऊ प्रश्नांची ती पीएचक्यू चाचणी घेतली, २७ पैकी १७ गुण आले. गोळी सुरू केली आणि जोडीला एका समुपदेशक बाईंकडे इंटरपर्सनल थेरपीसाठी पाठवलं. आठवड्यातून एकदा, एकूण सोळा भेटी.

पहिल्या तीन भेटींत त्यांनी आईच्या आयुष्यात आत्ता कोण कोण आहे याची यादी केली. प्रत्येकाबद्दल तेच विचारलं: किती वेळा भेटता, काय आवडतं, काय खुपतं, काय बदलावंसं वाटतं. आणि मग सांगितलं की आपण 'भूमिकाबदल' या विषयावर काम करू, म्हणजे चिपळूण सोडून ठाण्याला येणं.

मला हे पटत नाहीये. चाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस गेला, आणि या म्हणतात घर बदलल्यामुळे? दुःखावर काम नको का करायला? शिवाय आई आणि वहिनीचं स्वयंपाकघरावरून जे चाललंय ते वेगळंच. एकच विषय का निवडायचा? आणि आईच्या लहानपणाबद्दल एक प्रश्न नाही. कुणाला या पद्धतीचा अनुभव आहे का?

पाटीलबुवा
आमच्या कंपनीत इंटरपर्सनल स्किल्सचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. ऐकून कसं घ्यावं, बोलावं कसं वगैरे. माणसं चार दिवस गोड बोलली आणि मग जैसे थे. आईंना त्याचा काय उपयोग होणार? त्यापेक्षा एखाद्या भजनी मंडळात घाला.

अंजोर
पाटीलबुवा, ते वेगळं. हा नैराश्याच्या आजारावरचा उपचार आहे, शिबिर नाही. पण भजनी मंडळाचं तुम्ही म्हणालात ते उडवून लावण्यासारखं मुळीच नाही, त्यावर नंतर येते.

टोरांटोकर
माझ्या माहितीप्रमाणे या पद्धतीत भूतकाळात अजिबात शिरत नाहीत आणि सगळ्या कुटुंबाला समोरासमोर बसवून भांडण मिटवतात. त्यामुळे तुमच्या वहिनींनाही बोलावतील बघा. माझ्या मते सीबीटी, म्हणजे चुकीचे विचार बदलायची थेरपी, जास्त शास्त्रीय आहे. "मी भार आहे" हा विचारच चुकीचा आहे हे पटवून दिलं की झालं.

डॉ. ऋता
मी नाशिकला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. टोरांटोकर, तुमचं अर्धं बरोबर. भर आत्ताच्या नात्यांवर असतो, पण मागचं विचारतात. आधी असं कधी झालं होतं का, तेव्हा कोण जवळ होतं, हे सगळं पहिल्या भेटींत येतं. फक्त त्यात मुक्काम करत नाहीत. कुटुंबाला बसवावंच लागतं असंही नाही. बहुतेक भेटी एकट्या माणसाशीच होतात, घरचं कुणी एखाद्या वेळी येतं. आणि सीबीटीही चांगली पद्धत आहे, मी स्वतः वापरते. पण ज्या बाईला खरोखरच घरात काही काम उरलेलं नाही, तिला "भार हा नुसता विचार आहे" असं पटवायला गेलं तर ती मान डोलावते आणि पुढच्या वेळी येत नाही.

निरगुडी, तुमच्या आईंना न भेटता मी निदान करणार नाही. पण एक विचारते. त्यांची झोप कधीपासून उडाली? बाबा गेल्यावर लगेच, की नंतर? महिना आठवून सांगा.

निरगुडी
खरं सांगायचं तर बाबा गेल्यावर ती खूप रडली, पण उभी होती. दहाव्या-बाराव्याचं सगळं तिने बघितलं. पेन्शनच्या कागदांसाठी बँकेत एकटी जायची. संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर देवळात. बाबांच्या आठवणी काढून हसायचीसुद्धा. ठाण्याला आल्यावर पहिले दोन-तीन महिने पाहुण्यासारखे बरे गेले. झोप उडाली त्यानंतर. भावाकडे स्वयंपाकाला बाई आहे, नातू शाळेतून थेट क्लासला जातो.

डॉ. ऋता
मग त्या बाईंनी असं का ठरवलं हे मला दिसतंय. आम्ही कागदावर एक आडवी रेघ मारतो. वर घटना, खाली मन कसं होतं ते. कुठल्या घटनेनंतर रेघ खाली गेली आणि वर आली नाही, ते शोधायचं. तुमच्या वर्णनात बाबा गेल्यावर ती खाली गेली, पण हळूहळू वर येत होती. रडणं, आठवणी काढणं, आठवून हसणंही, हे शोक आपल्या वाटेने चालल्याचं लक्षण. घसरण झाली ती ठाण्यानंतर.

शोक हा विषय केव्हा निवडतात? माणूस गेल्यावर तो शोक अडकून पडतो तेव्हा. बाई रडलीच नाही, खोलीतली वस्तू हलवू देत नाही, नाव काढलं की विषय बदलते, किंवा वर्षाने तीच तारीख आली की आजारी पडते. आणि या पद्धतीत शोक हा शब्द माणसाच्या मृत्यूपुरताच राखून ठेवलाय. नोकरी जाणं, घटस्फोट, गाव सुटणं हेही नुकसानच, पण त्यांना भूमिकाबदल धरतात, कारण तिथे पुढे एक नवी जागा घ्यायची असते.

एकच विषय का, तर वेळ मोजका आहे म्हणून. सोळा भेटींत तीन आघाड्या उघडल्या तर एकही धड होत नाही. फार तर दोन. बाबांचा विषय येणारच, चिपळूणच्या घराबद्दल बोलताना तो कसा टळेल? फक्त तो भूमिकाबदलाच्या आत येईल.

शेवंता
मी शोकवाली. लिहावं की नाही कळत नव्हतं, पण निरगुडीताई, तुमच्यासाठी लिहिते.

नवरा एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेला. दवाखान्यात आत सोडलं नाही. शेवटचं बघितलं ते फोनवर. मी रडले नाही, कारण सासऱ्यांना ऑक्सिजन लागला होता आणि पोरगी नववीत. दीड वर्षाने माझे हातपाय गळाले. त्याचा टूथब्रशसुद्धा तसाच होता बेसिनवर.

माझ्या थेरपिस्टने त्या दिवसाबद्दल विचारलं. फोन कधी आला, कुणी उचलला, तुम्ही कुठे उभ्या होतात, अंगावर काय होतं, नंतर कोण आलं. मला वाटलं हे काय क्रौर्य. पण ते बोलता बोलता मला पहिल्यांदा राग आला. त्याच्यावर! तो मास्क न लावता लग्नाला गेला होता. मेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो हे आपल्या हाडात असतं, त्यामुळे तो राग मी स्वतःवर काढत होते. तो कसा होता, चांगला आणि त्रासदायक दोन्ही, हे पूर्ण बोलून झालं तेव्हा रडू आलं, आणि मग झोप यायला लागली. पुढच्या भेटी "आता मला कोण आहे" यावर होत्या. माझी नणंद, जिच्याशी मी बोलणं टाकलं होतं, ती आज माझी सर्वांत जवळची आहे.

तुमच्या आई रडल्या, आठवणी काढून हसल्या. माझं तसं नव्हतं. म्हणून मला डॉक्टरांचं म्हणणं पटतंय.

खारेदाणे
शेवंताताई, वाचून गलबललं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

डॉ. ऋता
शेवंताताई, मृताबद्दल वाईट बोलायचं नाही ही अडचण युगांडातही आली होती. तिथल्या राकाई आणि मसाका जिल्ह्यांत, एड्सने घरंच्या घरं रिकामी झालेल्या भागात, २००२ मध्ये ही पद्धत गटाने वापरली गेली. दर आठवड्याला दीड तास, सोळा आठवडे. चालवणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, दोन आठवडे प्रशिक्षण घेतलेली तिथलीच माणसं होती. तिथेही थेट विचारता येत नव्हतं, मग वाट काढून विचारावं लागलं. तीस गावांतल्या त्या अभ्यासाच्या शेवटी उपचार मिळालेल्यांत नैराश्याच्या निकषात बसणारे ६.५ टक्के उरले, न मिळालेल्यांत ५४.७. तिथे शोक, वाद आणि भूमिकाबदल हे तीनच विषय ठेवले. एकाकीपणाचा चौथा विषय वगळला, कारण त्या गावांत एकटं पडलेलं माणूस विरळा.

ढवळे_सर
आकडे उत्तम आहेत, पण युगांडाच्या खेड्यात जे चाललं ते ठाण्याच्या फ्लॅटमध्ये चालेलच असं नाही. मी निवृत्त शिक्षक आहे, शंका घेणं हा माझा धर्म. आपल्याकडे कुठे वापरलीय का ही पद्धत?

डॉ. ऋता
शंका रास्त आहे सर. गोव्यात 'मानस' नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेच्या लोकांनी केला. बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खाजगी डॉक्टर. स्थानिक समुपदेशक प्रशिक्षित केले, आधी साधी माहिती आणि आधार, गरज पडली तर औषध किंवा हीच इंटरपर्सनल थेरपी, अशी पायऱ्यांची रचना होती. सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खाजगीत दिसला नाही. तिथे उपचार पायऱ्यापायऱ्यांचा होता, त्यामुळे एकट्या थेरपीचं श्रेय किती हे वेगळं काढता येत नाही. म्हणून "भारतात सिद्ध झालं" असं मी म्हणणार नाही, "करता येतं" एवढं नक्की म्हणेन.

अंजोर
माझा विषय होता वाद. नवऱ्याशी. सासूबाईंच्या आजारपणासाठी मी नोकरी सोडली आणि नंतर परत धरू दिली नाही. भांडणही होत नव्हतं आमचं. आठ-आठ दिवस कामापुरतं बोलणं. लोक म्हणायचे किती शांत घर.

थेरपिस्टचा पहिला प्रश्न होता की हा वाद नक्की कुठे अडलाय. अजून बोलून बदलू शकतो अशा टप्प्यावर, कोंडी झालेला, की संपलेला? माझा कोंडीतला होता. आणि कोंडी फोडायची म्हणजे आधी आवाज वाढतो. मधल्या भेटींच्या काळात आमच्या घरी खरंच जास्त भांडणं झाली. आई म्हणाली, बंद कर तुझी ती थेरपी. पण थेरपिस्ट आधीच बोलल्या होत्या की असं होईल.

निरगुडी, तुमच्या आई-वहिनीचं हेच असेल असं मात्र नाही. माझ्या बाबतीत मला काय हवं होतं आणि नवऱ्याला काय हवं होतं यातच फरक होता. तुमच्याकडे दोघींना एकच हवं असेल, फक्त बोलता येत नसेल.

निरगुडी
अंजोर, नेमकं! मध्यंतरी आईच्या दोन भेटी झाल्या. तिने मला जे सांगितलं ते लिहिते, तिची परवानगी घेतली आहे.

बाईंनी तिला मागच्या आठवड्यातला एक वाईट प्रसंग शब्दन् शब्द सांगायला सांगितलं. वहिनीने सकाळी विचारलं, "आई, आज काय करायला सांगू बाईंना?" आई म्हणाली, "माझं काय, मी काहीही खाईन." वहिनी "बरं" म्हणून निघून गेली. आई दिवसभर पडून.

मग बाईंनी विचारलं, तुम्हाला तेव्हा काय म्हणायचं होतं? आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला म्हणायचं होतं की मीच करते." आणि वहिनीने काय ऐकलं असेल? "की हिला आमच्या जेवणात काही रस नाही." त्यांनी तिथल्या तिथे सराव करून घेतला, बाई झाल्या वहिनी. आईने तीनदा "बघा तुम्हाला जमलं तर" असंच म्हटलं, चौथ्यांदा म्हणाली, "बुधवारी आणि रविवारी मी स्वयंपाक करीन. बाईंना त्या दिवशी सुट्टी दे."

घरी तसं म्हणाली. वहिनी रडली म्हणे. तिला वाटत होतं आईंना स्वयंपाकाचं ओझं नको, म्हणूनच बाई लावली होती.

टोरांटोकर
हे वाचून मी माझं मत थोडं बदलतो. पण मग हा वादाचाच विषय झाला की.

डॉ. ऋता
वाद होता, पण तो भूमिकाबदलाच्या पोटात होता. चिपळूणला स्वयंपाकघर कुणाचं हा प्रश्नच नव्हता. ठाण्याला आपण घरातल्या कोण, हे ठरलेलं नाही, म्हणून वहिनींच्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. तरी दुसरा एखादा थेरपिस्ट हीच केस वाद म्हणून घेईल आणि चुकीचा ठरणार नाही. अंजोरने विचारलं तसं, दोघींच्या अपेक्षा वेगळ्या आहेत की एकच आहेत, यावर बरंच ठरतं.

पाटीलबुवा
माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, सांगलीहून पुण्याला आणल्यावर. तेव्हा आम्ही "वय झालं" म्हणालो. निरगुडीताई, आईंना चिपळूणलाच परत का नाही पाठवत? मूळ कारणच जाईल.

निरगुडी
हा प्रश्न घरात रोज आहे. भाऊ ठाम नाही म्हणतो, २०२१ च्या जुलैच्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं, आई-बाबा माळ्यावर अख्खी रात्र बसले होते.

गंमत म्हणजे हे आईच्या बोलण्यातून गायबच झालं होतं. चिपळूण म्हणजे अंगण, देऊळ, काकू, एवढंच. बाईंनी विचारलं, तिथे काय अवघड होतं? मग पूर आला, चिखल उपसणं आलं, बाबांच्या शेवटच्या महिन्यात रात्री गाडी मिळत नव्हती ते आलं. आई म्हणाली, "मी एकटी तिथे रात्रीची घाबरायचे, कुणाला सांगितलं नाही."

डॉ. ऋता
भूमिकाबदलातलं हे अर्धं काम. जुनी जागा सोडताना ती सोन्याची आणि नवी मातीची दिसते. जुन्यातलं चांगलं जे गेलं त्याचं दुःख मोकळेपणाने करू द्यायचं, पण वाईटही आठवू द्यायचं. मग नव्यातलं काय जमेल, कुणाची मदत लागेल, हे बघायचं. यातून "ठाणंच बरं" असं निघायलाच हवं असं नाही. काहींचा निर्णय परत जाण्याचा होतो, आणि तो नीट विचारून झाला तर तोही उपचारच. थेरपिस्टने तो निर्णय घ्यायचा नसतो, भावानेही नाही.

पाटीलबुवांचं भजनी मंडळ इथे बसतं. पण "मन रमवा" म्हणून कुणी ढकललं तर नाही. चिपळूणच्या संध्याकाळच्या देवळात नेमकं काय मिळत होतं, गाणं की काकू की घराबाहेर पडणं, हे कळलं तर ठाण्यात ते शोधता येतं.

खारेदाणे
एक वेगळी भीती. पहिल्याच भेटीत "तुम्हाला आजार आहे, सध्या काही गोष्टी नाही जमल्या तरी चालेल" असं सांगतात ना? माझ्या काकाला असंच सांगितल्यावर तो सहा महिने खाटेवरून उठला नाही.

शेवंता
मला त्या एका वाक्याने श्वास आला होता. तोवर मी आळशी, वाईट आई, वाईट सून होते.

डॉ. ऋता
दोन्ही होऊ शकतं. ती सूट तात्पुरती असते, आणि बदल्यात रुग्णाने बरं होण्याचं काम अंगावर घ्यायचं असतं. दुसरं अर्धं सांगायचं राहिलं की काकांसारखं होतं. आणि सहा महिने न उठणाऱ्याच्या उपचाराचा मधेच फेरविचार व्हायला हवा होता. दर भेटीला लक्षणं मोजायची ती त्यासाठीच. अर्ध्या भेटी होऊनही गुण हलले नाहीत तर विषय चुकला का, औषध बदलायला हवं का, निदान तरी बरोबर आहे का, हे बघावंच लागतं. आधी कधी अतिउत्साहाचे, कमी झोपेचे, भरमसाट खर्चाचे झटके येऊन गेले असतील तर गोष्ट वेगळी, तिथे नुसती ही थेरपी पुरत नाही. आणि मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर, किंवा टेलि-मानसचा १४४१६ क्रमांक, तो रात्रीही चालू असतो.

निरगुडी, आईंचे गुण आता किती?

निरगुडी
सातव्या भेटीला ११. मरणाबद्दलच्या प्रश्नाला ती शून्य लिहिते, मी वेगळंही विचारलंय, तसं काही नाही. पहाटेची जाग अजून आहे, पण चारच्या पुढे.

ढवळे_सर
सतरावरून अकरा चांगलं आहे, पण गोळीही चालू आहे. श्रेय कुणाचं?

डॉ. ऋता
एका माणसात हे वेगळं करता येत नाही सर. दोन्ही चालू ठेवायचं. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून थांबवायची नाही, एवढं मात्र सांगते.

निरगुडी
मी अजूनही पूर्ण पटलेली नाही. बाबांच्या वाढदिवसाला ती काहीच बोलली नाही, हे मला खातंय. आणि सोळा भेटी संपल्यावर काय? तिला आता कुठे त्या बाईंची सवय झालीय. हाही तिच्यासाठी एक निरोपच.

शेवंता
वाढदिवसाचं त्या बाईंना जरूर सांगा. किंवा आईंनाच म्हणा की सांग. माझ्या तारखा थेरपिस्टने आधीच वहीत लिहून ठेवल्या होत्या.

डॉ. ऋता
शेवंताताईंशी सहमत. विषय ठरला म्हणजे दगडावरची रेघ नाही. वाढदिवसाचं गप्प राहणं हे काही सांगत असेल तर मधेच दिशा बदलता येते.

शेवटाबद्दल: शेवटच्या तीन-चार भेटी निरोपावरच असतात. थेरपी संपतेय याचं वाईट वाटणं आणि आजार परत येणं यातला फरक आईंना ओळखता यायला हवा, यावर बोलतात. पहिली खूण कुठली, ती दिसली तर कुणाला सांगायचं, हे ठरवून घेतात. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येतं त्यांच्यासाठी महिन्याला एक भेट चालू ठेवायची पद्धतही आहे. पिट्सबर्गला तीन वर्षं तशा भेटी ठेवून बघितल्या, तेव्हा आजार परतायला जास्त वेळ लागला. आईंना हे पहिल्यांदाच झालं आहे का?

निरगुडी
माझ्या जन्मानंतर काही महिने ती माहेरी होती, "अंगात शक्ती नव्हती" एवढंच आजी सांगायची. आईला विचारते. बुधवारी ठाण्याला जातेय, स्वयंपाकाचा तिचा दिवस आहे, तेव्हा वहिनीसमोर नाही, नंतर.

अंजोर
विचारा, आणि बाईंनाही कळवा. तेव्हा ती बरी कशी झाली, कोण होतं जवळ, हेसुद्धा.